‘गेले’चा आकार

‘मी दमले होते, म्हणून घरी गेले आणि पिझ्झा खाल्ला.’ बाईचं हे वाक्य इटालियनमध्ये नेताना ‘दमले’साठी ‘स्तांको’ऐवजी ‘स्तांका’ येतं, ‘गेले’साठी ‘सोनो आंदाता’. शेवट ‘आ’कारान्त, म्हणजे स्त्रीलिंगी.

चूक होते ती पुढे. त्याच ओघात ‘खाल्ला’साठी ‘ओ मांजाता’ लिहिलं जातं. तिथे ‘ओ मांजातो’च हवं, कारण ‘एस्सेरे’ (असणे) या सहायक क्रियापदासोबतचं कृदंत कर्त्याचं लिंग घेतं, ‘आवेरे’सोबतचं घेत नाही.

मग ‘तो मी खाल्ला’ला ‘लो मांजाता’ कसं? इथे पिझ्झाऐवजी आलेलं सर्वनाम क्रियापदाआधी बसतं आणि कृदंत त्याच्यामागे जातं. इटालियन पिझ्झा स्त्रीलिंगी, त्यामुळे पुरुषही ‘मांजाता’च म्हणतो. आपल्या कर्मणी प्रयोगाची सवय इथे उपयोगी पडते.