वेलांटी कुणाची?

शेजारची दुसरीतली मुलगी दर रविवारी आमच्याकडे गोष्टीचं पुस्तक घेऊन येते. वाचते बऱ्यापैकी. एकदा 'गणित' हा शब्द आला आणि ती ठसक्यात म्हणाली, "गिणत." पुढच्या पानावर 'कविता' आली, तिची 'किवता' झाली. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "नीट बघ, लक्ष कुठे आहे?" माझ्या मते मुलगी अगदी नीट बघत होती. कागदावर ग, मग वेलांटी, मग ण, मग त अशीच रांग होती, आणि तिने ती डावीकडून उजवीकडे इमानाने वाचली.

चूक तिची म्हणावी की लिपीची, हे समजायला लिपीची जात पाहावी लागते. इंग्रजीत व्यंजनाला वेगळं अक्षर, स्वरालाही वेगळं, आणि ती ओळीने शेजारी बसतात. अरबी लिपीत मुख्यतः व्यंजनंच लिहितात, ऱ्हस्व स्वर वाचणाऱ्याने संदर्भावरून भरायचे. आपली देवनागरी या दोन्हींत बसत नाही. 'क' लिहिला की त्यात 'अ' आपोआप आलाच. दुसरा स्वर हवा असेल तर त्याच क-ला खूण जोडायची. पीटर डॅनियल्स या अमेरिकी अभ्यासकाने १९९० साली अशा लिप्यांना 'अबुगिडा' हे नाव दिलं. ते त्याने इथिओपियाच्या लिपीतल्या अ, बु, गि, द या अक्षरांवरून घेतलं. तिथेही व्यंजनाच्या आकृतीतच थोडा फेरफार करून स्वर दाखवतात. म्हणजे आपल्या क-का-कि-कीची दूरची चुलत बहीण अदीस अबाबातल्या शाळेतही घोकली जाते.

आता आपल्या खुणा कुठे बसतात ते पाहा. काना उजवीकडे, मात्रा डोक्यावर, उकार पायाशी आणि दुसरी वेलांटी पुन्हा उजवीकडे. पहिली वेलांटी मात्र डावीकडे, म्हणजे ज्या अक्षराची ती आहे त्याच्याही आधी. तोंड आधी 'ण्' म्हणतं आणि मग 'इ', डोळ्यांना मात्र आधी वेलांटी दिसते.

हे पूर्वीपासून असं नव्हतं. अशोकाच्या शिलालेखांतल्या ब्राह्मीत इकाराची छोटी रेघ अक्षराच्या माथ्यावर, उजव्या अंगाला निघायची. लिहिणाऱ्यांच्या हातून ती शतकानुशतकं लांबत गेली, डावीकडे वळली आणि शेवटी खाली उतरून दांडा झाली. दीर्घ ईची रेघ उजवीकडे वळून उतरली. दोघींची माथ्यावरची कमान अजून शिल्लक आहे. ती शोभेसाठी उरलेली नाही, आणि पुढे ती आपल्या उपयोगी पडणार आहे.

मोठ्या माणसांना या उलटापालटीचं काही वाटत नाही, कारण आपण 'णि' हे एकच चित्र म्हणून पाहतो. तरी आपलीही त्यातून पूर्ण सुटका झालेली नाही. ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिंदी वाचणाऱ्यांना पहिल्या वेलांटीचे शब्द वाचायला तुलनेने जास्त वेळ लागत असल्याचं दिसलं. मुलांच्या बाबतीत तर खुणांचा हा सगळा पसारा अंगवळणी पडायला वर्षं लागतात. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेलं काम हेच सांगतं की, अक्षरांचा पूर्ण संच हाताशी यायला चौथी-पाचवी उजाडते. इंग्रजीची सव्वीस अक्षरं त्या मानाने लवकर संपतात (त्यांचे उच्चार संपत नाहीत, ती गोष्ट वेगळी). आपल्याकडे मात्र पहिलीत बाराखडी पाठ झाली की घरच्यांना वाटतं, वाचन आलं.

बाराखडीचं पाठांतर इथेच फसवतं. 'क का कि की' चालीवर म्हणणाऱ्या मुलाला मधलं 'कु' किंवा 'कि' एकटं दाखवा, ते मनात क-पासून म्हणत म्हणत तिथवर येतं. त्याला चाल येते, खूण येत नाही. तपासायचं असेल तर वेगवेगळ्या ओळींतली अक्षरं, मि, सु, ते, ला, अशी विस्कटून दाखवावीत.

पण आमच्या मुलीची अडचण ही नव्हती. सुटं 'णि' ती झटकन ओळखायची. 'दिवा', 'किती', 'पिवळा' हे शब्दही तिने न अडखळता वाचले. कारण तिथे वेलांटी शब्दाच्या अगदी सुरुवातीला आहे. तिच्या डावीकडे अक्षरच नाही, मग ती चिकटणार कुणाला? अडचण उघडी पडते ती वेलांटी शब्दाच्या मध्ये आल्यावरच. म्हणून पारख करताना 'गणित', 'कविता', 'रविवार' असे शब्द हवेत, आणि चूक नुसती मोजायची नाही, ऐकायची. मूल 'गणत' म्हणालं, तर त्याने खूण पाहिलीच नाही. 'गणीत' असं लिहिलं, तर तो ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न आहे. बोलताना आपण तो फरक फारसा करतच नाही, तेव्हा दुसरीत त्यावरून रागवू नये. 'गिणत' म्हणालं, तर त्याने खूण पाहिली, ओळखली, फक्त चुकीच्या घरी नेऊन ठेवली. या मुलाला बाराखडी पुन्हा दहा वेळा लिहायला लावून उपयोग नाही.

मी आधी पुस्तक मिटलं. "गणित म्हण आणि टाळ्या वाज." ग, णित. दोन टाळ्या. "आता अगदी सावकाश." ग, णि, त. तीन. मग तीन चौकटी आखल्या आणि प्रत्येक टाळी एकेका चौकटीत लिहायला सांगितली. मधल्या चौकटीत तिने आधी ण काढला, मग थांबली, आणि वेलांटी त्याच चौकटीच्या आत, ण-च्या डावीकडे दिली. वेलांटी चौकटीची भिंत ओलांडून ग-कडे जाऊ शकत नाही हे तिचं तिलाच दिसलं.

मग ती कमान. वेलांटीचा दांडा कुठे उभा आहे हे बघायचं नाही, तिची कमान कुणाच्या डोक्यावर पडते ते बघायचं. ज्याच्या डोक्यावर छत्री, त्याची वेलांटी. फळ्यावर लिहिताना कमान पुढच्या अक्षराच्या दांड्यापर्यंत नेली तर मुलांना हे एका नजरेत कळतं. छापील पुस्तकांत मात्र कित्येकदा आखूड कमानीची एकच वेलांटी सगळ्या अक्षरांना लावलेली असते. ण-सारख्या रुंद अक्षरावर ती अर्ध्यातच संपते, आणि छत्री नेमकी कुणाची ते मुलाला कळत नाही. मुलांच्या पुस्तकाचा टाइप निवडणाऱ्यांनी एवढं तरी पाहावं, असं मला वाटतं.

वेलांटीलाच उजवीकडे हलवावं, हा विचारही होऊन गेला आहे. १९५३ साली लखनौला भरलेल्या लिपिसुधार परिषदेने ऱ्हस्व इकाराची खूण अक्षराच्या उजवीकडे, दीर्घापेक्षा आखूड अशी लिहावी, असं सुचवलं होतं. तर्काने बिनतोड सूचना. पण मग 'कि' आणि 'की' यांत फरक उरला तो शेपटीच्या लांबीचाच, आणि लिहिताना-वाचताना दोन्ही एकच दिसू लागले. काही वर्षांतच ती सूचना मागे घ्यावी लागली. डावी वेलांटी वाचायला आडमुठी खरी, पण निदान दुसरीशी गल्लत तरी होत नाही.

दोन-तीन रविवारांत 'गिणत' गेलं. 'कविता' आली, 'रविवार' आला. मग एका गोष्टीत सूर्य मावळला आणि समोर 'पश्चिम' आलं. इथे वेलांटी एका नाही, दोन अक्षरांवरून उडी मारते. उच्चारात ती श् आणि च यांच्याही नंतर येते, कागदावर दोघांच्या आधी, थेट प-ला खेटून. "पिश्च..." म्हणून मुलगी थांबली. बोट वेलांटीच्या दांड्यावर ठेवलं, कमानीवरून हळूहळू पुढे नेलं, आणि च-वर पोचल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "ही छत्री दोघांत एक आहे?"