सूतगिरणीचा मॅनेजर दुसऱ्या धंद्यात कुठे खपेल?

एरंडोलमध्ये बसून कापडाचा व्यापार करताना सूतगिरण्या, जिनिंग आणि यंत्रमागवाले यांच्याशी आमचा रोजचा संबंध येतो. त्यामुळे एक प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. पंधरा-वीस वर्षे सूतगिरणीत मॅनेजर म्हणून काढलेली, चाळिशी ओलांडलेली माणसे विचारतात, "भाई, गिरणीत आता राम राहिला नाही. दुसरा कोणता धंदा चांगला आहे?"

आमच्या मते हा प्रश्नच चुकीच्या टोकाने विचारलेला आहे. धंदा चांगला असला म्हणजे तिथे तुमची गरज असेलच असे नाही. जळगावचा सोन्याचा बाजार उत्तम चालतो, पण तिथे सूतगिरणीच्या मॅनेजरचे काय काम? विचारायचे ते असे: आमच्या गिरणीत जी डोकेदुखी सांभाळण्यासाठी मला पगार मिळतो, तीच डोकेदुखी आणखी कोणत्या धंद्याच्या मालकाला आहे?

आधी स्वतःच्या कामाची फोड

सूतगिरणीत "मॅनेजर" हा एकच शब्द असला तरी कामे वेगळी असतात. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. वय 44, खानदेशातल्याच एका गिरणीत 18 वर्षे. रुईची खरेदी आणि उत्पादन ही दोन खाती त्यांच्याकडे होती. त्यांच्या कामाची फोड आम्ही बसून केली, तेव्हा त्यातून तीन गोष्टी निघाल्या.

पहिली, हंगामी शेतमालाची खरेदी. कापूस साधारण ऑक्टोबर ते मार्च येतो. प्रत्येक गाडीचा ओलावा वेगळा, कचरा वेगळा, धाग्याची लांबी वेगळी. डोळ्याने आणि हाताने माल पारखून भाव ठरवायचा आणि वर्षभराचा साठा करायचा.

दुसरी, उतारा. कार्डेड सुतासाठी शंभर किलो रुई यंत्रात घातली तर साधारण 85 किलोच्या आसपास सूत निघते. बाकीचे झडतीत, कचऱ्यात आणि उडून जाते. हा आकडा एका टक्क्याने घसरला तर तो कुठे घसरला, हे त्यांना खाते-खाते तपासून सांगता येत असे.

तिसरी, तीन पाळ्यांत यंत्रे आणि माणसे चालती ठेवणे.

सुताचा काउंट, कार्डिंगची सेटिंग, रिंग फ्रेमचा वेग हे ज्ञान मात्र गिरणीच्या फाटकाबाहेर कामाचे नाही. अठरा वर्षांच्या अनुभवातला हा भाग मागेच राहणार, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

चार दारे, चार उत्तरे

आता ही यादी हातात घेऊन आजूबाजूच्या धंद्यांकडे पाहू.

सर्वांत जवळचे दार जिनिंगचे. कापूस तोच, शेतकरी तेच, दलाल तेच. शंभर किलो कापसातून 33 ते 36 किलो रुई आणि बाकी बहुतेक सरकी, हा हिशेबही पाठ असतो. पण इथेच मोठी फसगत आहे. ज्या पिकामुळे गिरणी अडचणीत येते, त्याच पिकामुळे जिनिंगही अडचणीत येते. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात कापसाचे मोठे नुकसान केले. अशा वर्षी कापूसच कमी आणि हलका येतो, तेव्हा जिनिंग आणि गिरणी दोघांनाही झळ बसते. शिवाय जिनिंग मुख्यतः हंगामात चालते आणि खरेदीला बहुतेक ठिकाणी मालक स्वतः किंवा त्याचा भाऊ बसतो. म्हणजे हुन्नर जुळते, पण जोखीम बदलत नाही.

दुसरे दार जळगावच्या चटई उद्योगाचे. तिथे पॉलिप्रॉपिलीनचे दाणे वितळवून रंगीत नळ्या काढतात आणि त्या मागावर विणतात. माग आणि विणकर म्हटले की आमच्या लोकांना ते घरचेच वाटते. पण मालकाची डोकेदुखी पाहा. कच्चा माल पोत्यात एकसारखा येतो, त्याचा ओलावा आणि कचरा पारखायचा प्रश्नच नाही. वाया गेलेला माल बराचसा पुन्हा वितळवून वापरता येतो, म्हणून उताऱ्यातला एक टक्का तिथे जीव घेत नाही. दाण्याचा भाव खनिज तेलाच्या मागे धावतो, तो सौदा मालक स्वतः करतो. तिथे मागाची देखभाल जाणणाऱ्या फोरमनला मागणी आहे. खरेदीच्या मॅनेजरला नाही.

तिसरे दार ठिबक सिंचनाच्या नळ्यांचे. जळगावचे नाव या धंद्याने जगभर गेले. पण मोठ्या कारखान्यात प्रत्येक कामाला पदवीधर असतो, आणि नळीचे मानक ठरलेले असते. या धंद्याचे खरे दुखणे कारखान्यात नसून बाहेर आहे: गावोगावचे विक्रेते, त्यांची उधारी, आणि सरकारी अनुदान हाती येईपर्यंत अडकलेला पैसा. म्हणून गिरणीत ज्याने मालेगाव-भिवंडीच्या व्यापाऱ्यांना उधारीवर सूत विकले आणि वसुली केली, त्या मॅनेजरने हे दार ठोठवावे. एकाच गिरणीतल्या दोन मॅनेजरांचे रस्ते असे वेगळे होतात.

चौथे दार डाळ मिलचे. जळगाव हे डाळीचे मोठे केंद्र आहे. तूर आली की ती चाळतात, दाण्याला ओरखडा देतात, तेल-पाणी लावतात, वाळवतात, मग साल काढून डाळ फोडतात. इथे आमच्या गृहस्थांची पहिली दोन्ही कामे जशीच्या तशी भेटतात. सी.सी.आय. कापसात 8 टक्के ओलावा प्रमाण धरते आणि 12 टक्क्यांपेक्षा जास्त असला तर माल घेत नाही. नाफेडच्या तुरीलाही 12 टक्क्यांचीच मर्यादा आहे. जिन्नस बदलला, पण मूठभर माल हातात घेऊन "हा ओला आहे" म्हणणारी नजर तीच. तुरीची आवक मुख्यतः डिसेंबरनंतरची, आणि म्यानमार व मोझांबिकची तूर मुंबई बंदरातून येत असल्याने मिलला कापसाच्या पिकावर अवलंबून राहावे लागत नाही.

मागणी खरी आहे, हे कसे ओळखावे?

काम जुळले म्हणजे नोकरी मिळाली असे नाही. मालकाला त्या कामासाठी पैसे मोजणे परवडते का, हे पाहावे लागते. आम्ही तो हिशेब असा केला.

समजा मिल रोज 100 क्विंटल तूर भरडते. चांगल्या मिलमध्ये शंभर किलोला 70 ते 75 किलो डाळ निघते. उतारा एका टक्क्याने वाढला तर रोज 1 क्विंटल डाळ जास्त. डाळीचा भाव क्विंटलला 10 हजार धरा. ती डाळ नाही तर चुनीत जाते आणि गुरांच्या खाद्याच्या भावात, समजा 2 हजाराला, विकली जाते. म्हणजे निव्वळ फरक 8 हजार रुपये रोजचा. वर्षात 200 दिवस मिल चालली तर 16 लाख रुपये. भाव खाली-वर होतील, पण रक्कम मॅनेजरच्या पगाराच्या मानाने मोठीच राहते. चटईच्या कारखान्यात हाच हिशेब मांडला तर एवढा आकडा निघत नाही. मागणी कुठे आहे, हे असे कळते.

यानंतर तीन गोष्टी प्रत्यक्ष जाऊन पाहाव्यात. एक, त्या खुर्चीवर सध्या पगारी माणूस बसतो की घरचा? दहा मिलपैकी नऊ ठिकाणी मालकाचा मुलगाच खरेदी करत असेल तर मागणी कागदावरच आहे. दोन, तशा मिल किती आहेत? दोन-तीनच असतील तर एका मालकाशी बिघडले की गाव सोडावे लागेल. तीन, मिल खरोखर किती महिने चालते? हे मालकाला विचारू नये. हमालांच्या मुकादमाला, वजनकाट्यावरच्या माणसाला किंवा ट्रान्सपोर्टवाल्याला विचारावे. त्यांच्या नोंदवहीत खरे उत्तर असते.

आमच्या गृहस्थांनी दाणाबाजारात आणि एम.आय.डी.सी.त पंधरा दिवस हेच केले. घरच्या माणसांच्या मिल त्यांनी यादीतून काढल्या. उरलेल्यांपैकी एका मालकाशी त्यांनी नोकरीची बोलणी न करता एका लॉटची बोलणी केली. 50 क्विंटल तूर त्यांनी स्वतः पारखून घेतली, आत जाताना तोलली आणि बाहेर येताना डाळ, चुनी, भुसा वेगवेगळा तोलला. जे वजन जुळले नाही ते कुठे गेले, हे त्यांनी मालकाला दाखवले: वाळवण घाईने उरकले जात होते, त्यामुळे साल सुटत नव्हती, तोच माल पुन्हा पुन्हा यंत्रात जाऊन दाणा चुरत होता. तेल-पाण्याचे प्रमाण त्यांना मिलच्या जुन्या मिस्त्रीकडून शिकावे लागले. त्याला एक हंगाम लागला. तेवढा काळ ठरलेला पगार गिरणीपेक्षा कमी आणि वाढलेल्या उताऱ्यात थोडा वाटा, असा करार झाला.

एक गोष्ट अशा वेळी विसरू नये. ज्या कारखान्यात 20 पेक्षा कमी कामगार आहेत, त्याला भविष्य निर्वाह निधीचा कायदा सहसा लागू होत नाही. म्हणून पगाराची तुलना करताना गिरणी भरत असलेला पी.एफ. धरूनच करावी, आणि जुन्या खात्यातली रक्कम घाईने काढू नये.

अमळनेरचे उदाहरण

आमच्या शेजारच्या अमळनेरात 1945 मध्ये वनस्पती तुपाचा एक कारखाना निघाला. तोच पुढे विप्रो झाला. 1966 मध्ये वडिलांच्या निधनानंतर अझीम प्रेमजींनी तो हाती घेतला. ही कंपनी पुढे संगणकात गेली हे सर्वांना माहीत आहे, पण तिची आधीची पावले लोक विसरतात. तेल-तुपाकडून ती आधी साबणाकडे वळली, कारण कच्चा माल त्याच जातीचा होता आणि किराणा दुकानदारही तेच होते. लांबची उडी नंतरची, आणि तिच्या पाठीशी कंपनीचे भांडवल होते. 44 वर्षांच्या पगारदाराजवळ तसे भांडवल नसते. म्हणून त्याचे पहिले पाऊल साबणासारखे असावे: निदान दोन गोष्टी ओळखीच्या, एकच नवीन.

हा हिशेब सर्वांनाच लागू पडतो असे आम्ही म्हणत नाही. ज्याने गिरणीत फक्त स्पिनिंगची यंत्रे सांभाळली, त्याला डाळ मिलमध्ये फारसे मोल नाही. त्याने खानदेशातच, शिरपूर-धुळ्याकडे, दुसरी गिरणी शोधणे बरे. आपल्या कामातला बाहेर चालणारा भाग कोणता, हे आधी कागदावर लिहावे. तो भाग निम्म्याहून कमी निघाला, तर धंदा बदलण्यापेक्षा मालक बदलण्यात कमी तोटा आहे.