बारा तास काम, नऊ तासांचा खर्च

जुलैत कॉलेज सुरू झालं की काही दिवसांत ग्रंथालयाच्या फलकावर ‘कमवा व शिका’च्या मुलामुलींच्या कामाचा तक्ता लागतो. पहिल्यांदाच काम करणारी मुलं बहुतेक वेळा सोमवार ते शनिवार रोज दीड तास मागून घेतात. आठवड्याचे नऊ तास होतात, अंगावर ताण येत नाही आणि तक्ताही नीटस दिसतो. ऑक्टोबर उजाडला की हाच तक्ता जड होतो. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर असते, जर्नल अपुरं असतं आणि रोजचा दीड तास काही सुटत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केलं आणि कष्ट करून शिकण्याची वाट महाविद्यालयापर्यंत नेली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना आजही त्यांच्याच नावाने चालते. काम ग्रंथालयात असो, कार्यालयात असो वा बागेत, अडचण सगळीकडे एकच येते. कामाचा तक्ता आठवड्याचा असतो आणि अभ्यासाचा भार सत्राचा असतो. म्हणून तास मोजायचे ते सत्राचे, आणि मगच ते आठवड्यांत वाटायचे.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची, वसतिगृहात राहणारी आणि ग्रंथालयात काम करणारी एक विद्यार्थिनी नमुना म्हणून डोळ्यांपुढे आणू. सोमवार ते शुक्रवार सकाळी सव्वाआठ ते सव्वाअकरा तिची व्याख्यानं असतात, शनिवारी दोनच तास. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी बारा ते तीन प्रात्यक्षिक. म्हणजे आठवड्याचे 23 तास वर्गात आणि प्रयोगशाळेत जातात. तिचं सत्र, परीक्षा धरून, अठरा आठवड्यांचं आहे. त्यांतले बारा आठवडे साधे, दोन अंतर्गत परीक्षेचे, एक प्रात्यक्षिक परीक्षेचा आणि शेवटचे तीन लेखी परीक्षेचे.

साध्या आठवड्यात तिने बारा तास काम करायचं, पण चारच दिवस, रोज तीन तास. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी बारा ते तीन, शनिवारी अकरा ते दोन. प्रात्यक्षिकाचे दोन्ही दिवस कामाला मोकळे. यामागे कारण आहे. प्रयोगाची निरीक्षणं त्याच संध्याकाळी जर्नलमध्ये उतरली तर तासाभराचं काम असतं. आठवडाभर पडून राहिली की कोणता आकडा कुठला हे शोधण्यातच वेळ जातो. आणि शिक्षकांच्या सहीचं पूर्ण जर्नल हातात नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसणंच अडचणीत येतं.

सलग तीन तासांमागेही हिशेब आहे. काउंटरवर जायचं, आधीच्याकडून काम समजून घ्यायचं, निघताना पुढच्याच्या हवाली करायचं, यात पाव तास जातोच. दीड तासाच्या सहा पाळ्यांत हा पाव तास सहा वेळा जातो, तीन तासांच्या चार पाळ्यांत चार वेळाच. शिवाय दोन व्याख्यानांमधली सुटी तासिका कामाला जोडू नये. ती वाचनालयात बसून नुकतंच शिकलेलं पुन्हा पाहण्याची वेळ आहे.

आता परीक्षेचे आठवडे. अंतर्गत चाचण्या सोमवार ते गुरुवार असतील तर त्या आठवड्यात शुक्रवार आणि शनिवार एवढ्याच दोन पाळ्या, म्हणजे सहा तास. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आठवड्यातही आपली तुकडी कधी आहे ते पाहून सहाच. लेखी परीक्षेचे तिन्ही आठवडे शून्य. एकूण बेरीज करू. साध्या बारा आठवड्यांचे 144 तास आणि तीन हलक्या आठवड्यांचे 18, मिळून 162. अठरा आठवड्यांवर विभागले तर आठवड्याला बरोबर नऊ तास. रोज दीड तासवाल्या तक्त्याइतकंच काम झालं, पण परीक्षेच्या दिवसांवर त्याचं ओझं पडलं नाही.

हा तक्ता टिकतो की मोडतो हे मात्र पैशावर ठरतं. काम बारा तासांचं झालं म्हणून खर्चही बारा तासांच्या मानधनाचा झाला, तर लेखी परीक्षेच्या महिन्यात मेसचं बिल भरायला हात रिकामा राहतो आणि मुलगी नाइलाजाने परीक्षेतही पाळी मागते. म्हणून दर साध्या आठवड्याला तीन तासांचं मानधन बाजूला काढायचं. बारा आठवड्यांत छत्तीस तासांचे पैसे साठतात. हलक्या तीन आठवड्यांत प्रत्येकी तीन तासांची तूट येते आणि लेखी परीक्षेच्या तीन आठवड्यांत प्रत्येकी नऊ तासांची. तीही छत्तीसच. मानधन सहसा महिना संपून हजेरीपत्रक मंजूर झाल्यावर जमा होतं, त्यामुळे पहिल्या महिन्याची सोय आधीच करून ठेवावी लागते.

वेळापत्रक ठरल्यासारखं राहत नाही, हेही गृहीत धरायला हवं. प्रात्यक्षिकाच्या तुकड्या उशिरा पडतात, जादा तास लागतात, विद्यापीठाची परीक्षा पुढे जाते. म्हणून गुरुवारी संध्याकाळी चार ते सात ही वेळ राखीव ठेवावी. बुडालेली पाळी तिथे भरून काढता येते. परीक्षेचे आठवडे तक्त्यात तारखांनी न लिहिता फक्त ‘हलका’ आणि ‘शून्य’ असे लिहावेत, आणि तारखा जाहीर झाल्या त्याच दिवशी ग्रंथपालांना कळवाव्यात.

ग्रंथपालांची बाजूही समजून घ्यायला हवी. परीक्षेच्या तोंडावर वाचनालयात बसायला जागा नसते आणि पुस्तकं परत करणाऱ्यांची रांग लागते. नेमकी तेव्हाच कामावरची मुलं सुटी मागतात. यावर उपाय जोडीदाराचा आहे. वर्गमैत्रिणीबरोबर पाळी वाटून घेतली तर दोघींची परीक्षा एकाच दिवशी येते. जोडीदार कला किंवा वाणिज्य शाखेचा किंवा वेगळ्या वर्षाचा असेल तर पेपर सहसा पुढेमागे पडतात आणि पाळ्यांची अदलाबदल जमते. ही जोडी जुलैतच ठरवून तक्त्यावर दोन्ही नावं लिहावीत.

तक्ता बिघडतो आहे हे निकालाच्या कितीतरी आधी दिसतं. राखीव गुरुवार सलग तीन आठवडे कामात गेला, जर्नलमध्ये दोन प्रयोग सहीविना राहिले किंवा एखाद्या विषयाची हजेरी 75 टक्क्यांच्या जवळ घसरली, की आठवड्याची एक पाळी लगेच कमी करावी. नऊ तासांवर काही आठवडे भागवणं जड असलं तरी शक्य आहे. सहीविना राहिलेलं जर्नल नोव्हेंबरात भरून काढणं फार कठीण जातं.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. तिथे तास पुढेमागे करायला कायद्याची मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये पदवीच्या बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं आणि दोन आठवड्यांची सरासरी काढून चालत नाही. ऑस्ट्रेलियात ही मोजणी पंधरवड्याची आहे, 48 तासांची. परीक्षेसाठी काम हलकं करता येतं, पण त्याची भरपाई म्हणून एखाद्या आठवड्यात मर्यादा ओलांडली तर व्हिसाच धोक्यात येतो.

आपल्याकडे अशी सक्ती नसल्यामुळे ‘शून्य’ लिहिलेले तीन आठवडे सांभाळणं विद्यार्थ्याच्याच हाती राहतं. तक्ता भरायला बसलं की आधी ते तीन आठवडे लिहावेत. सोमवारच्या पाळीचा नंबर त्यानंतर.