औषधाची तारीख आणि बाटलीची तारीख

गेल्या उन्हाळ्यात मावशीकडे सोलापूरला गेले होते. तिची सकाळची साखर तीन आठवडे चढीच होती. खाणं तेच, फिरणं तेच, रात्री दहा युनिट इन्सुलिनही नेमाने चालू. मी फ्रीज उघडून इन्सुलिनची कुपी काढली आणि विचारलं, "मावशी, ही कधी उघडलीस?" ती म्हणाली, "आठवत नाही गं, पण तारीख बघ की, अजून दीड वर्ष आहे."

तारीख खरोखरच दीड वर्ष पुढची होती. पण ती न उघडलेल्या कुपीची तारीख. घरात मुदत संपलेली औषधं शोधताना आपण फक्त छापील महिना आणि वर्ष बघतो. जी औषधं खरोखर लवकर बिघडतात, त्यांची मुदत मात्र बऱ्याचदा झाकण उघडल्याच्या किंवा पाणी घातल्याच्या दिवसापासून मोजायची असते. तो दिवस कोणी छापून देत नाही.

आधी छापील तारखेचा अर्थ पाहू. वेष्टन बंद असेल आणि लिहिल्याप्रमाणे ठेवलं असेल, तर या तारखेपर्यंत औषधाचा गुण ठरलेल्या मर्यादेत राहील, अशी ती कंपनीची हमी असते. एक्स्पायरी ०८/२०२७ असेल तर ऑगस्टच्या शेवटच्या दिवसापर्यंत. १ सप्टेंबरला गोळीचं विष होत नाही, फक्त हमी संपते. अमेरिकेच्या लष्कराला औषधांचे मोठे साठे दर काही वर्षांनी फेकावे लागत, म्हणून तिथल्या औषध प्रशासनाने मुदत संपत आलेले साठे तपासायला घेतले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत १२२ औषधांचे ३ हजारांहून अधिक साठे होते आणि त्यांतल्या सुमारे ८८ टक्के साठ्यांची मुदत किमान एक वर्षाने वाढवता आली.

मात्र ती औषधं मूळ बंद वेष्टनात आणि नियंत्रित तापमानात ठेवलेली होती. आपल्याकडे गोळ्यांची पाकिटं गॅसच्या वरच्या कपाटात, फ्रीजच्या डोक्यावर नाहीतर मोटारीच्या खणात पडलेली असतात. त्यामुळे महिनाभर उलटलेल्या तारखेची पॅरासिटामॉलची कोरडी, अखंड गोळी चुकून घेतली गेली तर घाबरण्याचं कारण नाही. पण फिट, हृदय किंवा थायरॉइड यांसारख्या आजारांवरच्या औषधांत थोडा गुण कमी झाला तरी महाग पडतो. तिथे तारीख उलटलेली गोळी घेऊच नये. मुदतीनंतर अपाय झाल्याचं गाजलेलं उदाहरण टेट्रासायक्लिनचं आहे. जुन्या, बिघडलेल्या टेट्रासायक्लिनमुळे मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी १९६३ साली प्रसिद्ध झाल्या. त्या वेळचा घटकांचा मेळ नंतर बदलला गेला. बहुतेक कोरड्या औषधांत भीती विषाची नसते, औषध लागू न पडण्याची असते.

ही भीती सगळ्यात खरी ठरते ती इन्सुलिनच्या बाबतीत. इन्सुलिन हे प्रथिन आहे. त्याची साखळी एका ठरावीक घडीत असते आणि ती घडी शाबूत असेल तरच ते काम करतं. उष्णतेने आणि वारंवार हलवल्याने घडी सुटते, सुटलेले रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे तंतू बनतात. म्हणून न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची आणि उघडलेली, बहुतेक प्रकारांत, २८ दिवसांनी टाकून द्यायची. काही प्रकारांची मुदत वेगळी असते, ती आतल्या माहितीपत्रकात दिलेली असते.

मावशीचा हिशोब मांडला. आपल्याकडच्या १० मिलीच्या साध्या कुपीत दर मिलीला ४० युनिट, म्हणजे ४०० युनिट असतात. रोज १० युनिट घेतली तर कुपी ४० दिवस पुरते. २८ व्या दिवशी १२० युनिट शिल्लक असतात आणि पैसे मोजलेलं औषध टाकवत नाही. शेवटचे बारा दिवस मुदतीबाहेरचं इन्सुलिन टोचलं जातं. त्यात मावशी दुपारी वीज गेली की कुपी फ्रीजरला चिकटवून ठेवायची. इन्सुलिन एकदा गोठलं की वितळल्यावर दिसायला पूर्वीसारखं असलं तरी कामाचं राहत नाही.

डोळ्यांनी ओळखता येतं, पण अर्धवटच. पारदर्शक इन्सुलिन गढूळ दिसलं किंवा त्यात कण तरंगले तर ते गेलं. मुळातच दुधाळ असणारं इन्सुलिन तळहातांत हळूच घोळवल्यावर एकसारखं पांढरं व्हायला हवं. गुठळ्या राहिल्या किंवा काचेला आतून हिमासारखा थर दिसला तर वापरू नये. पण गुण कमी झालेलं इन्सुलिन अगदी स्वच्छही दिसू शकतं. तेव्हा खूण एकच, खाणं आणि डोस तोच असून साखर चढत जाणं. अशा वेळी आपल्या मनाने युनिट वाढवू नयेत. वाढवलेल्या डोसवर नवी, पूर्ण गुणाची कुपी सुरू झाली की साखर एकदम खाली जाते. आधी कुपी बदलावी आणि डॉक्टरांशी बोलावं. मावशीच्या डॉक्टरांनी तिला पेन दिलं. त्याच्या ३ मिलीच्या कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट असतात. १० युनिटचा डोस आणि दर वेळी सुई तपासायला सोडायची २ युनिट धरली तर ते पंचविसाव्या दिवशी संपतं.

दुसरी जोखमीची बाटली लहान मुलं असलेल्या घरात सापडते. मुलांचं अँटिबायोटिक पुष्कळदा ड्राय सिरप म्हणून, म्हणजे भुकटीच्या रूपात मिळतं. उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत घालायचं, हलवायचं, पातळी खाली गेली तर पुन्हा खुणेपर्यंत भरायचं. कंपनी पातळ औषधच का विकत नाही, याचं उत्तर त्या भुकटीत आहे. अमॉक्सिसिलिनच्या रेणूत एक ताणलेलं चौकोनी कडं असतं. जंतू मरतात ते त्या कड्यामुळे, आणि पाण्यात तेच कडं हळूहळू उघडत जातं. त्याच्या जोडीला असलेलं क्लाव्ह्युलॅनिक ॲसिड तर आणखी लवकर बिघडतं. म्हणून या जोडीचं कालवलेलं औषध फ्रीजमध्ये ठेवूनही साधारण सात दिवसच वापरायचं असतं.

आता नेहमी घडतं ते पाहा. मुलाचा कान दुखला, डॉक्टरांनी पाच दिवस औषध दिलं, थोडं उरलं. बाटली फ्रीजच्या दारात राहिली. दीड महिन्याने पुन्हा ताप आला, छापील तारीख पुढच्या वर्षाची, म्हणून आईने दोन चमचे पाजले. औषध तोवर पिवळं-तपकिरी झालेलं असू शकतं, पण रंग बदलला नाही म्हणून ते चांगलं आहे असंही नाही. जंतूंचा संसर्ग खराच असेल तर गुण गेलेल्या औषधाने तो दबत नाही. मधले दोन दिवस वाया जातात, आणि कमी मात्रेत टिकून राहिलेल्या जंतूंना त्या औषधाची सवय होण्याची संधी मिळते.

डोळ्यांच्या थेंबांचं कारण वेगळं आहे. तिथे औषध बिघडण्याआधी बाटलीच्या टोकाला बोटाचे, पापणीचे जंतू लागतात. म्हणून बहुतेक थेंब उघडल्यावर महिन्याभरात टाकायचे.

आता मावशीच्या फ्रीजवर एक बॉलपेन दोऱ्याने बांधलेलं आहे. कार्ट्रिज, थेंब किंवा नातवाचं सिरप उघडलं की ती चिकटपट्टी लावून दोन ओळी लिहिते. वर उघडल्याची तारीख, खाली टाकायची तारीख. छापील तारीख आणि ही खालची तारीख यांतली जी आधी येईल, ती खरी.