ताळेबंद हाती नसताना रोख प्रवाह कसा लावावा?

ताळेबंदाचे चित्र गहाळ असले, तरी बऱ्याच नोंदींची जागा व्यवहारावरूनच ठरते. समजा, कारखान्याने ८०,००० रुपये पुस्तकी किमतीचे यंत्र ६५,००० रुपयांना रोखीने विकले. आलेले ६५,००० रुपये गुंतवणूक विभागात जातात. १५,००० रुपयांच्या तोट्यात मात्र रोख गेलेली नसते. म्हणून कामकाज विभागात तो नफ्यात परत मिळवतात. बँकेकडून घेतलेले कर्ज वित्तपुरवठ्यात येते. भारतीय लेखामानकांनुसार कारखान्याने भरलेले व्याजही तिथेच.

गाडी अडते ती उधारीपाशी. ग्राहकांकडून येणे वाढले की घटले, हे वर्षाच्या सुरुवातीची आणि अखेरची शिल्लक पाहिल्याशिवाय कळत नाही. ती जागा अंदाजाने न भरता रिकामी ठेवावी.