न वापरलेले भाडे, न आलेले बिल

कोल्हापुरात 1 जानेवारीला सुरू झालेला एक छोटा छापखाना उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणा. भाड्याचा गाळा, एक ऑफसेट मशीन, दोन कामगार. गाळामालकाने वर्षभराचे भाडे एकदम मागितले, म्हणून महिना 15,000 रुपयांप्रमाणे डिसेंबरअखेरपर्यंतचे 1,80,000 रुपये पहिल्याच दिवशी दिले गेले. मार्च संपला तेव्हा तीन महिन्यांत छपाईचे 3,20,000 रुपये जमा झाले होते. कागद, शाई आणि मजुरीवर 1,60,000 गेले होते आणि विजेची बिले म्हणून 25,200 रुपये भरले होते. मालकाने वहीत बेरीज-वजाबाकी केली, तर 45,200 रुपयांचा तोटा निघाला.

मशीन एक दिवसही रिकामे बसले नव्हते, मग तोटा कसा?

मालकाची वजाबाकी बरोबरच होती. चूक होती ती तीन महिन्यांच्या उत्पन्नासमोर बारा महिन्यांचे भाडे मांडण्यात. भाड्याचा करार जानेवारी ते डिसेंबर, विजेचे बिल एका महिन्याच्या 12 तारखेपासून पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत, आणि हिशेबाचे वर्ष मात्र 31 मार्चला संपते. पूर्वी अनेक व्यापारी दिवाळी ते दिवाळी वर्ष धरत. आयकरासाठी 1989 पासून सगळ्यांना 31 मार्च ही एकच वर्षअखेर लागू झाली. ही तारीख कुठल्याच कराराच्या किंवा बिलाच्या सोयीने येत नाही, त्यांच्या मधोमध येते. म्हणून वर्षाच्या शेवटी हिशेबनिसाला काही खर्च मागे-पुढे सरकवावे लागतात. त्यांनाच समायोजन नोंदी म्हणतात.

आधी भाडे पाहू. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च या तीन महिन्यांचे 45,000 रुपये वापरून झाले. उरलेल्या 1,35,000 रुपयांच्या बदल्यात छापखान्याला अजून नऊ महिने त्या गाळ्यात बसायचे आहे. पैसे गेले खरे, पण त्यांचा मोबदला घेणे बाकी आहे. ज्याच्याकडून काही यायचे बाकी असते ती मालमत्ता, म्हणून हे 1,35,000 खर्चातून काढून ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला ‘पूर्वदत्त भाडे’ या नावाने ठेवले जातात. नोंद अशी होते: पूर्वदत्त भाडे खाते नावे, भाडे खाते जमा, रक्कम 1,35,000.

इथे एक गल्लत हमखास होते. गाळा घेताना भाड्याशिवाय अनामत रक्कमही दिलेली असते आणि अनेकदा दोन्हींचा एकच चेक जातो. मग सगळी रक्कम भाडे खात्यात पडते किंवा सगळीच पूर्वदत्त म्हणून बारा महिन्यांत वाटली जाते. अनामत गाळा सोडताना परत मिळणारी असते. ती दर महिन्याला झिजत नाही, म्हणून तिचे खाते पहिल्या दिवसापासून वेगळे हवे.

विजेची गोष्ट बरोबर उलटी आहे. इथे वापर आधी होतो आणि पैसे नंतर जातात. हिशेब सोपा राहावा म्हणून रोजचा वीजखर्च 600 रुपये धरू. भरलेल्या 25,200 रुपयांत 11 फेब्रुवारीपर्यंतची वीज आली. 12 फेब्रुवारी ते 11 मार्चचे 16,800 रुपयांचे बिल मार्चमध्ये हाती आले, पण भरण्याची मुदत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली असल्याने ते टेबलावर तसेच राहिले. हे बिल सहसा कोणी विसरत नाही, कारण कागद डोळ्यांसमोर असतो. विसरला जातो तो त्यानंतरचा तुकडा. 12 ते 31 मार्च हे वीस दिवस मशीन चालले, मीटर फिरले, पण त्याचे बिल 31 मार्चला जन्मालाही आलेले नव्हते.

बिल आलेले नसले, तरी देणे उभे राहिलेले असते. वीज वापरली त्या क्षणीच ते अंगावर आले, कागद ही केवळ त्याची मागणी. वर्षाचे हिशेब प्रत्यक्षात मे-जूनमध्ये बसून पुरे केले जातात आणि तोवर ते बिल आलेले असते: 12 मार्च ते 11 एप्रिल, एकतीस दिवस, 18,600 रुपये. त्यातल्या मार्चच्या वीस दिवसांचे 12,000 सरत्या वर्षाचे आणि एप्रिलच्या अकरा दिवसांचे 6,600 नव्या वर्षाचे.

ही वाटणी दिवसांवर केली, तर रोजचा वापर सारखाच होता असे गृहीत धरावे लागते. लग्नपत्रिकांच्या हंगामात छापखान्याचे काम एप्रिलमध्ये एकदम वाढले, तर ते खरे ठरत नाही. त्यावर एक साधा आणि फार उपयोगी उपाय आहे: 31 मार्चच्या संध्याकाळी मीटरच्या आकड्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. मग युनिट नेमके वेगळे करता येतात आणि स्थिर आकारासारखी रक्कम तेवढी दिवसांवर वाटायची राहते.

टेबलावरचे 16,800 आणि न आलेल्या बिलातले 12,000 मिळून 28,800 होतात. नोंद होते ती वीज खर्च खाते नावे, अदत्त वीज खर्च खाते जमा. अदत्त म्हणजे द्यायचा राहिलेला, म्हणून ही रक्कम ताळेबंदात देण्यांच्या बाजूला बसते. दोन्ही नोंदींत रोख किंवा बँक खात्याचे नाव कुठेच नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. समायोजनाच्या नोंदीत बँक खाते आले असेल, तर काहीतरी चुकले आहे असे समजून ती पुन्हा तपासावी.

आता पुन्हा गणित मांडू. 3,20,000 मधून कागद-मजुरीचे 1,60,000, भाड्याचे 45,000 आणि विजेचे नव्वद दिवसांचे 54,000 वजा केले, की 61,000 रुपये नफा उरतो. मशीनचा घसारा यात धरलेला नाही. छापखाना तोच, व्यवहार तेच, तरी मालकाच्या वहीतला तोटा नफ्यात बदलला. मालकाने फक्त भाड्याची नोंद केली असती आणि वीज सोडून दिली असती, तर नफा 89,800 दिसला असता. कर्जासाठी बँकेत जाताना असा फुगलेला आकडा हवाहवासा वाटतो, म्हणून आलेल्या नफ्यात अदत्त खर्च धरले आहेत का, हे कर्ज देणाऱ्याने आवर्जून विचारायला हवे.

कंपन्यांना या बाबतीत निवड नसते. कंपनी कायदा 2013 च्या कलम 128 प्रमाणे हिशेब उपार्जित पद्धतीनेच, म्हणजे पैसे कधी दिले-घेतले यावर न जाता व्यवहार ज्या काळाचा त्या काळात धरून, ठेवावे लागतात. एकट्या मालकाचा छोटा धंदा आयकरासाठी रोख पद्धतही वापरू शकतो. पण मग ती सातत्याने पाळावी लागते. भाडे रोखीने आणि वीज उपार्जित, अशी सोयीची सरमिसळ चालत नाही.

खरी चूक पुष्कळदा एप्रिलनंतर होते. बिले भरली जातात आणि हिशेबनीस सवयीने पूर्ण 16,800 आणि 18,600 नव्या वर्षाच्या वीज खर्चात टाकतो. मार्चअखेर धरलेले 28,800 मग दोनदा खर्ची पडतात. बरोबर नोंदीत पहिले बिल पूर्णपणे अदत्त खात्यातून फिटते, दुसऱ्यातले 12,000 त्याच खात्यात जातात आणि फक्त 6,600 नव्या वर्षाच्या खर्चात येतात. चूक झाली की नाही हे तेरजेवरून कळते. जुलै-ऑगस्टमध्येही अदत्त वीज खर्चापुढे 28,800 तसेच उभे असतील, तर बिले चुकीच्या खात्यात गेली आहेत. भाड्याचेही तसेच: पूर्वदत्त खात्यातून दर महिन्याला 15,000 भाडे खर्चात जायला हवेत आणि डिसेंबरअखेर त्या खात्यात काहीही उरता कामा नये.