सुधाचं वय काय?

हस्तलिखित तपासायला घेतलं की मी आधी शाळेची शंभर पानी वही काढते. प्रत्येक पात्राला एक पान. त्यात मजकुराचे शब्द जसेच्या तसे आणि समोर पृष्ठांक, एवढंच. आठवणीवर विसंबायचं नाही. कारण वाचक म्हणून आपण गोष्टीत रमलो की सगळं खरं मानत जातो.

डोळ्यांचा रंग लगेच सापडतो. मागे एका कादंबरीत पान १२ वरची घाऱ्या डोळ्यांची सुधा पान १४० वर ‘काळेभोर डोळे’ पुसत होती. काळेभोर हा शब्द लेखणीतून सवयीनंच उतरतो. तरी मी तो परस्पर बदलत नाही, समासात प्रश्नचिन्ह करते. फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’त एमाचे डोळे कुठे तपकिरी, कुठे काळे, कुठे निळे आहेत, म्हणून समीक्षकांनी त्याला चुकीचा ठरवलं. पण ते सावलीत काळे आणि उजेडात गडद निळे दिसतात, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे!

वयाची चूक मात्र लपून बसते, कारण वय आकड्यात क्वचितच लिहिलेलं असतं. याच कादंबरीत पानशेतच्या पुरात आजी दोन महिन्यांच्या सुधाला टोपलीत घालून माडीवर नेते. पुढे १९७२च्या दुष्काळात सुधा कॉलेज सोडून नोकरी धरते. १९९३ साली लेकीच्या लग्नात ती चाळिशीची आहे. तिन्ही प्रसंग वाचताना छान वाटतात. वहीत एकाखाली एक लिहिले तेव्हा घोटाळा दिसला. पूर आला १२ जुलै १९६१ला. म्हणजे दुष्काळात सुधा अकरा वर्षांची आणि लेकीच्या लग्नात बत्तीसची!

पूर आणि दुष्काळ हलवता येत नाहीत, हलवायचं ते माणसाला. नोकरी आणि लग्न या दोन्ही प्रसंगांवरून जन्म १९५३च्या आसपासचा येतो. पुराचाच प्रसंग एकटा पडतो. पण टोपलीचा प्रसंग तर पुस्तकातला सर्वांत सुंदर! लेखिकाबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग मी सुचवलं, टोपलीत धाकटा भाऊ ठेवा. आठ वर्षांची सुधा आजीचा पदर धरून जिना चढेल.

सुटलं म्हणून वही मिटणार, तोच भावाचं पान आठवलं. एक दुरुस्ती केली की तिला जोडलेली सगळी पानं पुन्हा पाहावी लागतात. पान १०१ वर, त्याच दुष्काळात, हा भाऊ मुंबईहून मनीऑर्डर पाठवत होता. आता तो अकरा वर्षांचा!

बाईंनी दोन दिवस विचार केला आणि मनीऑर्डर काटली. “कमावता भाऊ असताना सुधानं कॉलेज का सोडलं, हे मलाच नीट सांगता येत नव्हतं हो,” त्या म्हणाल्या. घारे डोळेही त्यांनी ठेवले. पान १४० वरचा ‘काळेभोर’ तेवढा खोडला.